चार लॉगरची वेळ जुळवताना: शेवटचा फरक सगळ्या दिवसांवर सारखा वाटता येतो का?

प्रश्न: एका लांब पाइपवर चार ठिकाणी तापमानाचे लॉगर (अ, ब, क, ड) लावून ४२ दिवस प्रयोग केला. नोंद दर १० सेकंदांनी, पंपाचा वेग कायम. हीटर थोडा वेळ चालू करून गरम पाण्याची लाट सोडायची आणि ती एका ठिकाणाहून पुढच्या ठिकाणी किती वेळात पोचते ते मोजायचं. क ते ड हे अंतर पार करायला साधारण ९५ सेकंद लागतात. चारही लॉगरची वेळ सुरुवातीला एकाच लॅपटॉपवरून सेट केली. १४ व्या दिवशी ड चा डबा ४ अंशांच्या कोल्ड रूममध्ये हलवला, प्रोब जागेवरच राहिला. बाकीचे तीन २५ अंशांच्या खोलीत होते. शेवटी लॅपटॉपशी ताडून पाहिलं तर अ ३ सेकंद पुढे, ब ४१ सेकंद मागे, क १८ सेकंद पुढे आणि ड ९७ सेकंद मागे. शेवटच्या दिवसांत तर लाट क च्या आधी ड ला पोचलेली दिसते! हा फरक ४२ दिवसांवर सारखा वाटून दुरुस्त केला तर चालेल का?

उत्तर:

अ, ब आणि क साठी चालेल. ड साठी चालणार नाही. ड सारखा वाटलात, तर प्रयोगाच्या मधल्या काळात सुमारे १२ सेकंदांची चूक शिल्लक राहील, आणि ती चूक घड्याळाची न वाटता पाइपमध्येच काहीतरी घडल्यासारखी दिसेल.

आधी ती उलटी लाट समजून घेऊ, कारण चिन्हांचा घोळ इथेच होतो. शेवटच्या दिवशी समजा लाट क ला खऱ्या वेळेनुसार बरोबर बारा वाजता पोचली. क चं घड्याळ १८ सेकंद पुढे आहे, म्हणून त्याच्या फाइलमध्ये १२:००:१८ असं पडेल. ड ला ती ९५ सेकंदांनी, म्हणजे १२:०१:३५ ला पोचेल. पण ड ९७ सेकंद मागे असल्यामुळे त्याच्या फाइलमध्ये ११:५९:५८ असं पडेल. दोन्ही फाइली शेजारी ठेवल्या की ड वीस सेकंद आधी गरम झालेला दिसतो. म्हणजे तुम्हाला दिसलं ते दोन घड्याळांमधल्या फरकाशी तंतोतंत जुळतं. प्रोब किंवा वायरिंग उलटं झालं असेल का, हे शोधत बसायची गरज नाही.

आता घड्याळं इतकी का सरकली ते पाहू. साध्या लॉगरमध्ये वेळ मोजणारा भाग म्हणजे ३२,७६८ हर्ट्झचा क्वार्ट्झ क्रिस्टल. त्याच्यासाठी ±२० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत वीस भाग, एवढी सूट नेहमीची समजली जाते. १ पीपीएम म्हणजे दिवसाला ०.०८६४ सेकंद, त्यामुळे २० पीपीएमचे दिवसाला सुमारे १.७ सेकंद आणि ४२ दिवसांचे जवळपास ७३ सेकंद होतात. ब चे ४१ सेकंद म्हणजे ११ पीपीएम आणि क चे १८ सेकंद म्हणजे ५ पीपीएम. दोन्ही अगदी सर्वसाधारण आकडे आहेत. ड चे ९७ सेकंद मात्र २७ पीपीएमच्या घरात जातात. त्यासाठी निव्वळ क्रिस्टलच्या जन्मजात चुकीपलीकडे काहीतरी हवं, आणि ते तुम्हीच सांगितलं आहे: कोल्ड रूम.

या क्रिस्टलचा वेग तापमानाप्रमाणे सरळ रेषेत बदलत नाही, तो उलट्या पॅराबोलासारखा बदलतो. साधारण २५ अंशांना तो सर्वांत जलद चालतो. तिथून वर जा किंवा खाली जा, तो मंदच होतो. किती मंद होतो, तर २५ पासूनच्या फरकाच्या वर्गाला सुमारे ०.०३४ ने गुणायचं, की पीपीएममध्ये उत्तर मिळतं. ४ अंशांना फरक २१, त्याचा वर्ग ४४१, म्हणजे १५ पीपीएम. खोलीत घड्याळाची जी काही चूक होती, तिच्यात दिवसाला आणखी १.३ सेकंदांचं मागे पडणं मिसळलं. याचा एक परिणाम पुष्कळांच्या लक्षात येत नाही. लॉगर दिवसा तापत असेल आणि रात्री गारठत असेल, तर दोन्हींची वजाबाकी होऊन चूक मिटत नाही. दोन्ही वेळा घड्याळ मागेच पडतं आणि ते साचत जातं.

ड चा हिशेब आता मांडता येतो. कोल्ड रूममध्ये २८ दिवस, १५ पीपीएम जादा, म्हणजे तिथल्या थंडीमुळे गेलेले सुमारे ३६.३ सेकंद. एकूण ९७ मधून ते वजा केले की ६०.७ उरतात. हे क्रिस्टलच्या मूळ चुकीचे, आणि ते सगळ्या ४२ दिवसांवर सारखे वाटायला हरकत नाही: दिवसाला १.४४५ सेकंद, म्हणजे १६.७ पीपीएम. हा आकडा ±२० च्या आत बसतो, म्हणून हिशेब विश्वास ठेवण्याजोगा वाटतो. यावरून ड चं घड्याळ पहिले १४ दिवस रोज १.४४५ सेकंद मागे पडत होतं आणि नंतरचे २८ दिवस रोज २.७४ सेकंद.

म्हणजे १४ व्या दिवशी ड प्रत्यक्षात २०.२ सेकंद मागे होता. सारखी वाटणी केली तर त्या दिवसाच्या वाट्याला ९७ चा तिसरा हिस्सा, ३२.३ सेकंद येतो. फरक १२.१ सेकंदांचा. तुम्ही ड च्या वेळेत १२ सेकंद जास्त मिळवणार, लाट तेवढी उशिरा पोचलेली दिसणार, आणि ९५ च्या जागी १०७ सेकंद येणार. पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी दुरुस्ती बरोबर असल्यामुळे तिथे ९५ च येईल. आलेख काढला तर क ते ड चा वेळ पहिले दोन आठवडे हळूहळू ९५ वरून १०७ वर चढतो आणि पुढचे चार आठवडे हळूहळू परत ९५ वर उतरतो. हे पाहून कोणीही म्हणेल की प्रवाह मंदावला होता आणि नंतर पूर्ववत झाला. अहवालात तसं लिहून जायची खरी भीती आहे, कारण दोन्ही टोकं छान जुळलेली असतात आणि दुरुस्तीवर शंका घ्यायला वरवर काही कारण दिसत नाही. ओळखण्याची खूण एकच: त्या आलेखाचं टोक बरोबर डबा हलवल्याच्या दिवशी येतं. पाण्याला डबा कुठे ठेवला आहे ते माहीत नसतं.

इथे एक अडचण लक्षात ठेवा. ड च्या फाइलमधलं तापमान प्रोबचं आहे, क्रिस्टलचं नाही. प्रोब गरम पाण्याच्या पाइपवर आणि क्रिस्टल कोल्ड रूममधल्या डब्यात, अशी स्थिती असताना त्या रकान्यावरून घड्याळाची दुरुस्ती काढली तर ती साफ चुकेल. काही लॉगर डब्याच्या आतलं तापमान किंवा बॅटरीचा व्होल्टेजही वेगळ्या रकान्यात नोंदवतात. आतलं तापमान असेल तर उत्तमच, कारण मग प्रत्येक नोंदीसाठी फरकाचा वर्ग काढून जादा उशीर थेट बेरीज करत नेता येतो. ते नसेल तर डबा कुठे कधी होता याची वहीतली नोंद आणि कोल्ड रूमचं तापमान यावरच भागवावं लागेल. तुमच्या बाबतीत तेवढं पुरेसं आहे.

०.०३४ हा या जातीच्या क्रिस्टलचा सर्वसाधारण आकडा आहे, आणि २५ अंश हे टोकही दोन-पाच अंशांनी इकडेतिकडे असू शकतं. प्रकाशित करण्याजोगं काम असेल तर त्यावर विसंबू नका, तुमचाच ड तपासा. तो अजून हाताशी असेल तर दहा दिवस २५ अंशांना आणि दहा दिवस त्याच कोल्ड रूममध्ये चालवा आणि प्रत्येक टप्प्याच्या सुरुवातीला व शेवटी त्याचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवलेल्या संगणकाशी ताडून पाहा. वरचा हिशेब बरोबर असेल तर खोलीत सुमारे साडेचौदा सेकंद आणि कोल्ड रूममध्ये सुमारे साडेसत्तावीस सेकंद उशीर दिसायला हवा. ताडून पाहताना नुसते आकडे वाचू नका. लॉगरची वेळ आणि संगणकाची वेळ दोन्ही एकाच स्क्रीनवर ठेवून मोबाइलने वीसेक सेकंदांचा व्हिडिओ घ्या. सेकंद कोणत्या फ्रेमला बदलतो ते थांबवून पाहिलं, की एक सेकंदाऐवजी दहाव्या हिश्श्यापर्यंत फरक वाचता येतो. अर्थात सॉफ्टवेअर लॉगरची वेळ सलग दाखवत असेल तरच. काही सॉफ्टवेअर जोडणी होताना एकदाच वेळ वाचतात आणि पुढचे सेकंद स्वतःच मोजत बसतात. तेव्हा जोडणी दोन-तीनदा तोडून जोडा आणि तोच फरक पुन्हा येतो का ते पाहा.

संगणकाचं स्वतःचं घड्याळ किती चुकलं आहे, हे विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये असं दिसतं:

```
w32tm /stripchart /computer:time.windows.com /samples:5 /dataonly
```

लिनक्सवर `chrony` असेल तर `chronyc tracking` ही आज्ञा पुरते. तुमच्या मूळ प्रयोगात लॅपटॉपचंच घड्याळ चुकलं असेल तर काय, ही शंका येईल. तुम्ही फक्त लाटेचा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणचा वेळ मोजता आहात, म्हणून तेवढ्यापुरता तो प्रश्न गौण आहे. चारही लॉगर एकाच लॅपटॉपशी, एकाच बैठकीत ताडून पाहिले असतील तर लॅपटॉपची चूक चौघांच्या माथी सारखीच बसते आणि वजाबाकीत निघून जाते. मात्र ड च्या क्रिस्टलचे पीपीएम काढताना ती निघून जात नाही. लॅपटॉप ४२ दिवसांत १० सेकंद चुकला असेल तर वरच्या हिशेबातले ६०.७ सेकंद तेवढ्याने बदलतील. पण थंडीचे ३६.३ त्याच्यावर अवलंबून नाहीत, आणि १४ व्या दिवसाची १२ सेकंदांची चूक निव्वळ त्या ३६.३ मधूनच येते. त्यामुळे मुख्य निष्कर्ष टिकतो.

आता १४ व्या दिवशी नक्की काय होतं याचा स्वतंत्र पुरावा मिळतो का ते पाहा. डबा हलवताना तुम्ही बहुधा तोपर्यंतचा डेटा उतरवून घेतला असेल. तसं असेल तर त्या दिवशीची फाइल लॅपटॉपवर कधी तयार झाली ती वेळ आणि फाइलमधल्या शेवटच्या ओळीची वेळ, या दोन्हींतला फरक काढा. या फरकात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: घड्याळाचा उशीर, शेवटच्या नोंदीनंतर गेलेला काळ (जास्तीत जास्त १० सेकंद), आणि डेटा उतरवून फाइल सेव्ह होईपर्यंतचा वेळ. नंतरच्या दोन्ही गोष्टी फरक वाढवतातच, कमी कधीच करत नाहीत. म्हणून हा आकडा म्हणजे उशिराची वरची मर्यादा झाली. तो ३२ पेक्षा कमी निघाला तर सारखी वाटणी तिथल्या तिथे बाद होते. जास्त निघाला तर मात्र त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण सेव्हच्या खिडकीत नाव टाइप करण्यातही अर्धा मिनिट जातो. त्याच दिवशी त्याच लॅपटॉपवर क सुद्धा उतरवला असेल तर दोघांचे फरक एकमेकांतून वजा करा, म्हणजे लॅपटॉपची चूक आणि डेटा उतरवण्याचा वेळ बराचसा निघून जाईल. काही लॉगर संगणकाला जोडल्याची नोंद स्वतःच्या वेळेनुसार फाइलमध्येच करतात. ती सापडली तर याहून नेमकं काम होतं.

एक मार्ग मात्र टाळा. क आणि ड मधल्या लाटा एकमेकींवर जास्तीत जास्त कशा बसतात ते कोरिलेशनने शोधायचं आणि तेवढी वेळ सरकवायची, हा मोह होतो, कारण एरवी घड्याळं जुळवायला ही चांगली पद्धत आहे. पण तुम्हाला जो उशीर मोजायचा आहे तोच त्या लाटेत आहे. लाटेवरून घड्याळ जुळवलं की उत्तर पुसून जातं. जुळवणीसाठी अशी घटना हवी जी चौघांना खरोखर एकाच क्षणी जाणवते. पंप बंद पडणं ही तुमच्याकडची तशी घटना आहे. पाइपमध्ये हवा अडकलेली नसेल तर प्रवाह सगळीकडे जवळपास एकदमच थांबतो, लाटेसारखा मिनिटभर रेंगाळत नाही, आणि त्या क्षणापासून प्रत्येक प्रोबच्या तापमानाचा कल बदलतो. मात्र हा बदल हळू असतो. १० सेकंदांच्या नोंदींतून तो सुरू होण्याचा क्षण दहाएक सेकंदांपेक्षा नेमका वाचता येईल अशी अपेक्षा ठेवू नका.

प्रत्यक्ष दुरुस्ती सोपी आहे. लॉगरची वेळ आणि खरी वेळ यांच्या जोड्या द्यायच्या, मधल्या वेळा सरळ रेषेने भरायच्या. अ, ब, क साठी दोन जोड्या, ड साठी तीन. १४ दिवसांचे १२,०९,६०० सेकंद, त्यातून २०.२ गेले की ड च्या घड्याळावरची वेळ. ४२ दिवसांचे ३६,२८,८००, त्यातून ९७ गेले.

```python
import numpy as np, pandas as pd
d = pd.read_csv("logger_d.csv", parse_dates=["time"])
t = (d["time"] - T0).dt.total_seconds()   # T0: वेळ सेट केल्याचा क्षण, pd.Timestamp म्हणून आधी द्या
log_s = [0, 1209579.8, 3628703]
ref_s = [0, 1209600.0, 3628800]
d["t_ref"] = np.interp(t, log_s, ref_s)
grid = np.arange(0, 3628800, 10)
d_grid = np.interp(grid, d["t_ref"], d["temp"])
```

मूळ `time` रकाना तसाच ठेवा, त्यावर कधीही लिहू नका. `np.interp` ची एक खोड आहे: शेवटच्या जोडीच्या पलीकडच्या नोंदी तो ताणत नाही, सगळ्यांना शेवटचीच वेळ देतो. घड्याळ ताडून पाहिल्यानंतरही लॉगर थोडा वेळ चालू राहिला असेल तर शेवटच्या काही ओळींवर एकच वेळ आलेली दिसेल. त्या ओळी कापून टाका. चिन्हाची खात्री करायला शेवटची नोंद पाहा. दुरुस्तीनंतर ड ची वेळ ९७ सेकंदांनी वाढलेली हवी. चिन्ह उलटं पडलं तर चूक मिटण्याऐवजी दुप्पट होऊन १९४ सेकंद होते, आणि चार फाइलींपैकी एकाच फाइलमध्ये असं झालं तर ते पटकन ध्यानात येत नाही.

चारही फाइली एका समान वेळपट्टीवर आणण्याचं काम अगदी शेवटी करा. दुरुस्त न केलेल्या वेळांवर ‘सर्वांत जवळची नोंद’ या पद्धतीने फाइली जोडल्या, तर ड हळूहळू सरकत जातो आणि मधूनच एकदम दहा सेकंदांची उडी मारतो. उशिराच्या आलेखात करवतीचे दात दिसले तर कारण हेच समजा. तापमानासारख्या सलग बदलणाऱ्या गोष्टीला मधली किंमत काढणं चालतं. मोजणीचे आकडे असतील, जसं की फ्लो मीटरचे पल्स, तर तसं करू नका. तिथे घटनांच्या वेळा दुरुस्त करायच्या आणि मग नव्याने मोजणी करायची.

आणखी एक छोटी तपासणी फाइलींवरूनच होते. बरेच लॉगर प्रत्येक नोंदीला वेळ लिहीत नाहीत. सुरुवातीची वेळ साठवतात आणि पुढे फक्त दहा-दहा सेकंद मिळवत जातात. त्यामुळे टाइमस्टॅम्प अगदी देखणे, एकही सेकंद इकडेतिकडे न झालेले दिसतात, आणि घड्याळ अचूक असल्याचा भास होतो. ओळी मोजून पाहा. चारही लॉगर एकाच क्षणी सुरू आणि बंद केले असतील तर ४२ दिवसांत ३,६२,८८० ओळी हव्यात. ड मध्ये त्या नऊ-दहा कमी निघतील आणि क मध्ये एक-दोन जास्त. हरवलेल्या ओळी म्हणजे हरवलेला डेटा नाही. ड चे दहा सेकंद प्रत्यक्षात दहा सेकंदांपेक्षा किंचित लांब होते, इतकंच.

दुरुस्तीनंतर शिल्लक काय राहतं, तेही मांडा. खोलीतलं तापमान २५ च्या आसपास पाच अंशांनी वरखाली झालं तरी त्याने एक पीपीएमहून कमी फरक पडतो, ४२ दिवसांत फार तर तीन सेकंद, आणि तोही अ, ब, क मध्ये साधारण सारखाच. म्हणून त्यांच्या परस्पर वेळेला मी ±२ सेकंद धरेन. ड ला, वर सांगितलेली दहा-दहा दिवसांची तपासणी केली नसेल तर, मधल्या आठवड्यांत ±४ धरेन. म्हणजे क ते ड चे ९५ सेकंद ±४ किंवा ±५ ने सांगता येतील. उशीर कायम राहिला की दोन-तीन सेकंदांनी बदलला, याचं उत्तर या डेटातून मिळणार नाही. दहा-बारा सेकंदांनी बदलला असता तर मात्र मिळालं असतं.

पुढच्या वेळी लॉगरवर एखादा रिकामा चॅनल असेल तर चौघांनाही एकाच रिलेमधून रोज एक पल्स द्या. सगळी घड्याळं रोजच्या रोज एकमेकांशी बांधली जातात आणि वरचा सगळा हिशेब अनावश्यक होतो. चॅनल नसेल तर सुरुवातीला, डबा हलवताना आणि शेवटी चारही प्रोब एकाच ढवळत्या कोमट पाण्यात चार-पाचदा बुडवा, आणि दोन बुडवण्यांमधलं अंतर मुद्दाम असमान ठेवा. ते समान ठेवलंत तर जुळवणी एका पूर्ण अंतराने चुकूनही छान बसल्यासारखी दिसते. चौघांचे प्रोब एकाच जातीचे हवेत, कारण जाड आवरणाचा प्रोब उशिरा प्रतिसाद देतो आणि तो उशीर घड्याळाच्या नावावर जमा होतो. दोन्ही वेगळे ओळखायचे तर दिवसागणिक काय होतं ते पाहा: प्रोबचा उशीर पहिल्या दिवशी जेवढा तेवढाच शेवटच्या दिवशी असतो, घड्याळाचा वाढत जातो. आणि फरक एकदम बरोबर ३,६०० किंवा १,८०० सेकंदांचा निघाला तर क्रिस्टलला दोष देऊ नका, कुठल्यातरी संगणकावर टाइम झोन वेगळा आहे.

प्रयोग चालू असताना घड्याळ मागे पडलेलं दिसलं तरी ते तिथेच जुळवू नका. किती फरक आहे ते वहीत लिहा आणि लॉगर तसाच चालू द्या. मध्येच वेळ जुळवली की फाइलमध्ये उडी पडते. घड्याळ पुढे नेलं तर खोटी पोकळी दिसते, मागे नेलं तर तीच वेळ दोनदा येते, आणि तोपर्यंत साचलेला फरक किती होता हे कायमचं हरवतं. काही सॉफ्टवेअर जोडणी होताच किंवा लॉगर पुन्हा सुरू करताना न विचारता वेळ जुळवतात. तो पर्याय सेटिंगमध्ये बंद करून ठेवा. बंद होत नसेल तर जोडण्याआधी लॉगरच्या स्वतःच्या डिस्प्लेवरची वेळ, बिनचूक चालणाऱ्या मोबाइलच्या घड्याळाशेजारी धरून, फोटोत पकडा.

नवीन लॉगर घेणार असाल तर तापमानानुसार स्वतःचा वेग सुधारणारं घड्याळ असलेला घ्या. DS3231 ही चिप त्याचं प्रचलित उदाहरण आहे: ० ते ४० अंशांत ±२ पीपीएम, म्हणजे ४२ दिवसांत जास्तीत जास्त सव्वासात सेकंद, आणि कोल्ड रूममध्ये नेल्यावर आलेखाला असा बाक येत नाही.